बारा बार, तीन कॉर्ड आणि चुकलेली गाडी

१९०३ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनात डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्टर रखडलेल्या गाडीची वाट पाहत पेंगत बसला होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक कृष्णवर्णीय माणूस गिटार वाजवू लागला. तारांवर तो सुरी दाबून सरकवत होता आणि एकच ओळ तीनदा गात होता. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मी चाललोय, एवढाच त्या ओळीचा मतलब. हँडीने हा प्रसंग पुढे १९४१ सालच्या आत्मचरित्रात लिहिला. त्याआधी, १९१४ मध्ये, त्याचं ‘सेंट लुईस ब्लूज’ छापून आलं होतं आणि ब्लूजचा साचा जगभर पोहोचायला सुरुवात झाली होती.

तो साचा आजही फारसा बदललेला नाही. बारा बारचं एक आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. त्यात शब्दांच्या तीन ओळी बसतात. पहिल्या चार बारांत गायक आपलं दुखणं सांगतो, पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि शेवटच्या चारांत त्या दुखण्याचं काय झालं ते सांगतो. शिवाय प्रत्येक ओळ साधारण दोन बारांतच संपते. उरलेले दोन बार उत्तरासाठी मोकळे असतात. बहुतेक वेळा ते उत्तर गिटार देते.

गिटारवर ब्लूजचा सोलो रचायला बसणाऱ्याला गोष्ट सांगण्याची ही चौकट अशी आयतीच मिळते. तरीही नवशिक्यांचे सोलो ऐकताना गोष्ट क्वचितच ऐकू येते. ऐकू येते ती स्केल.

याचं कारण शिकण्याच्या पद्धतीत आहे. गिटार हातात घेतल्यावर काही महिन्यांतच ए या स्वराची ब्लूज स्केल शिकवली जाते. पाचव्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत बोटं ठेवली की ती पूर्ण हाताखाली येते. स्वर सहा: ए, सी, डी, ई फ्लॅट, ई आणि जी. आपल्या कानाला ओळखीच्या भाषेत सांगायचं, तर ए हा षड्ज धरल्यावर कोमल गंधार, शुद्ध मध्यम, तीव्र मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. तीव्र मध्यम वगळला तर उरलेले पाच स्वर म्हणजे धानी रागाचे स्वर. या स्केलची खुबी अशी की ब्लूजच्या तिन्ही कॉर्डांवर ती चालून जाते. बोट कुठेही पडलं तरी फार बिघडत नाही. म्हणूनच शिकणारा वर-खाली फिरत राहतो आणि खाली कॉर्ड बदलली याची दखल त्याची बोटं घेत नाहीत.

धानी आणि ब्लूज यांतला खरा फरक इथे आहे. धानी गाताना तानपुऱ्याचा षड्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो, त्यामुळे कोमल गंधाराचं त्याच्याशी असलेलं नातंही बदलत नाही. ब्लूजमध्ये मात्र स्वराखालची जमीन सरकते. सी हा एकच स्वर घेऊ. खाली ए सेव्हन कॉर्ड वाजत असताना तो तक्रार केल्यासारखा वाजतो, कारण त्या कॉर्डमध्ये सी शार्प आहे, म्हणजे शुद्ध गंधार, आणि आपला सी त्याच्या एक फ्रेट खाली घासत असतो. पाचव्या बारला कॉर्ड डी सेव्हन होते. तिच्यात सी मुळातच आहे. तोच स्वर आता घरी आल्यासारखा निवांत होतो. वादकाने काही केलेलं नसतं, तरी अर्थ बदललेला असतो. सोलोने कॉर्डांचा माग ठेवायचा म्हणजे या बदलाची जाण ठेवून स्वर निवडायचे.

त्यासाठी तीन कॉर्डांच्या पोटात काय आहे ते पाहावं लागतं. ए सेव्हनमध्ये ए, सी शार्प, ई, जी. डी सेव्हनमध्ये डी, एफ शार्प, ए, सी. ई सेव्हनमध्ये ई, जी शार्प, बी, डी. प्रत्येक कॉर्डचा चेहरा तिच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्वरात असतो. संगीताच्या भाषेत ते तिसरा आणि सातवा स्वर. पहिल्या दोन कॉर्डांचे हे चेहरे शेजारी ठेवले तर एक गंमत दिसते. ए सेव्हनमधले सी शार्प आणि जी, दोघेही फक्त एकेक फ्रेट खाली उतरले की सी आणि एफ शार्प होतात, आणि डी सेव्हनचा चेहरा तयार होतो. कॉर्ड बदलल्याचं श्रोत्याला ऐकवायला एका फ्रेटची हालचाल पुरते.

आता एक आवर्तन प्रत्यक्ष रचून पाहू. स्वरस्थान ए. लय मिनिटाला ७२ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन बरोबर ४० सेकंदांत संपेल. चाल शफलची, प्रत्येक मात्रेचा पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड. कॉर्डांची मांडणी नेहमीची: पहिले चार बार ए सेव्हन, पाचवा-सहावा डी सेव्हन, सातवा-आठवा पुन्हा ए सेव्हन, नववा ई सेव्हन, दहावा डी सेव्हन, अकरावा ए सेव्हन आणि बारावा ई सेव्हन. बाराव्या बारमधली ई सेव्हन पुढच्या आवर्तनाला आत बोलावते.

गोष्टही छोटीच घेऊ. पहिली ओळ, ‘गाडी गेली’. दुसरी ओळ तीच. तिसरी, ‘चालत निघालो’. हे शब्द कोणी गाणार नाही, पण रचनाकाराने ते मनात म्हणायचे, कारण वाक्याला जिथे श्वास लागतो तिथेच गिटारच्या वाक्यालाही लागतो.

‘गाडी गेली’ ही चार अक्षरं, म्हणून चार स्वर. पहिल्या बारची पहिली मात्रा मोकळी सोडायची. दुसऱ्या मात्रेवर पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या फ्रेटवर ए. त्याच मात्रेच्या आखूड भागात दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर जी. तिसऱ्या मात्रेवर त्याच तारेच्या पाचव्यावर ई. चौथ्या मात्रेवर तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी छेडून लगेच सहाव्या फ्रेटवर बोट आपटायचं, म्हणजे हॅमर-ऑन करायचा, आणि सी शार्पवर थांबायचं. कोमल गंधाराला नुसता स्पर्श, मुक्काम शुद्ध गंधारावर. जोग रागात दोन्ही गंधार ऐकलेल्या कानाला त्यांचा हा शेजार परका वाटणार नाही. स्केलच्या बाहेरचा हा पहिला स्वर आणि तो थेट ए सेव्हन कॉर्डमधून उचललेला आहे. दुसऱ्या बारच्या मध्यापर्यंत तो घुमू द्यायचा.

तिसऱ्या बारमध्ये उत्तर येतं, खालच्या आवाजात आणि दोनच स्वरांचं: चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा जी आणि सातव्याचा ए. बाकावर शेजारी बसलेल्याने ‘हो का’ म्हणावं, तितकंच. चौथा बार पूर्ण रिकामा.

नवख्या वादकाला हा रिकामा बार फार जड जातो. बोटं शिवशिवतात. पण पाचव्या बारला डी सेव्हन येते तेव्हा ती श्रोत्याला स्पष्ट ऐकू यायला हवी असेल, तर तिच्या आधी जागा मोकळी हवी. तिथे तान भरली की कॉर्डचं आगमन त्या गर्दीत हरवतं.

पाचव्या बारला ‘गाडी गेली’ पुन्हा येतं. लय तीच, मात्रा त्याच, पहिला स्वर ए हाच. बदल फक्त दोन. दुसरा स्वर जीऐवजी एफ शार्प, म्हणजे दुसऱ्या तारेवर आठव्याऐवजी सातवा फ्रेट. आणि शेवटी हॅमर-ऑन नाही. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या साध्या सीवर मुक्काम. दोन बोटं एकेक फ्रेट मागे आली आणि संपूर्ण वाक्य डी सेव्हनच्या रंगाचं झालं. शब्द तेच राहिले, सांगणाऱ्याचा चेहरा पडला. ब्लूजच्या गायनात दुसरी ओळ नेमकं हेच काम करते.

सहाव्या बारच्या मध्यापर्यंत तो सी किंचित हलवत, व्हायब्रेटो देत धरून ठेवायचा. मग गप्प. चौथ्या मात्रेवर तोच सी पुन्हा छेडायचा आणि सातव्या बारच्या पहिल्या मात्रेवर, नेमकी ए सेव्हन परत येते त्या क्षणी, बोट एक फ्रेट पुढे सरकवून सी शार्पवर यायचं. सगळ्या सोलोत कॉर्डांचा माग सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो इथे. त्यानंतर तिसऱ्या बारचं दोन स्वरांचं उत्तर एकदा पुन्हा.

आठव्या बारच्या उत्तरार्धात चढण सुरू होते. दुसऱ्या तारेवर पाचवा, आठवा, दहावा फ्रेट, म्हणजे ई, जी, ए. हाताने आता ओळखीची जागा सोडली आहे आणि तो ब्लूजच्या सर्वांत प्रसिद्ध कोपऱ्यात आला आहे. दुसऱ्या तारेवर मुख्य स्वर धरून भोवतीच्या चार-पाच स्वरांतच सगळं बोलायचं, ही बी. बी. किंग यांची ठेवण. गिटार शिकवणारे त्या जागेला ‘बी. बी. बॉक्स’च म्हणतात. ए स्वरासाठी ती दहाव्या फ्रेटच्या आसपास असते.

नवव्या बारच्या पहिल्या मात्रेवर, खाली ई सेव्हन येते त्याच क्षणी, पहिल्या तारेच्या दहाव्या फ्रेटवरचा डी छेडायचा आणि तार वर ढकलून तो दोन फ्रेट उंच, म्हणजे ई या स्वरापर्यंत न्यायचा. सबंध आवर्तनातला हा सर्वांत उंच स्वर. तो याआधी कुठेही वाजलेला नाही आणि यानंतरही वाजणार नाही. ‘चालत निघालो’ हा निर्णय इथे होतो. दोन मात्रा धरून तार सैल सोडायची; डी ऐकू येईल. मग पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटचा बी आणि चौथ्या मात्रेवर दुसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटचा जी शार्प. ई, डी, बी, जी शार्प: ई सेव्हनचे चारही स्वर वरून खाली सांगून झाले.

दहाव्या बारला जी शार्पवरून एक फ्रेट वर ए, तिथून त्याच तारेवर सातव्या फ्रेटला एफ शार्प आणि शांतता. कॉर्ड पुन्हा डी सेव्हन झाल्याची तेवढी खूण पुरे. अकराव्या बारमध्ये उतरण. दुसऱ्या तारेच्या पाचव्यावर ई, तिसऱ्या तारेच्या आठव्यावर ई फ्लॅट, सातव्यावर डी, मग तिसऱ्या मात्रेवर पहिल्या ओळीतला तोच सी ते सी शार्पचा हॅमर-ऑन आणि चौथ्या मात्रेवर चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर ए. तो ए लगेच बोटाने दाबून थांबवायचा. बाराव्या बारला ई सेव्हन येते, तिच्यात ए नाही. तो रेंगाळला तर खाली खटकत राहतो.

स्केलला ‘ब्लूज’ हे नाव ज्याच्यामुळे मिळालं, तो ई फ्लॅट या सबंध आवर्तनात एकदाच आला, तोही उतरत्या वाटेवर, अर्ध्या मात्रेहून कमी वेळ. त्याची जागा तशीच आहे. ई आणि डी यांच्यामधून जाताना तो चटका देतो, पण त्याच्यावर मुक्काम केला तर तिन्ही कॉर्डांपैकी एकही त्याला आधार देत नाही आणि श्रोत्याला चूक झाल्यासारखं वाटतं. याउलट, मुक्काम केलेला प्रत्येक लांब स्वर त्या-त्या वेळच्या कॉर्डमधला होता. लहान स्वर कुठलेही असोत, लांब स्वर कॉर्डचा असावा, हा या लेखनातला सर्वांत कामाचा नियम.

तो मोडला की कुठे फसतं, हे कानाने ओळखता येतं. सर्वांत ठळक चूक म्हणजे सी शार्पची गोडी लागून तो डी सेव्हनवरही धरून ठेवणं. त्या कॉर्डमध्ये सी आहे. दोघं शेजारी एकत्र वाजले की कर्कश घर्षण होतं आणि संगीत न शिकलेल्यालाही ते कळतं. ई सेव्हनवरचा जी जरा फसवा आहे. कॉर्डमधल्या जी शार्पशी तो घासतो. झटकन येऊन गेला तर ब्लूजचाच कडवटपणा वाटतो, दोन मात्रा राहिला तर बेसूर. नवव्या बारला जी शार्प मुद्दाम घेतला तो यासाठी.

दुसरी अडचण तार ताणण्याची. दहाव्या फ्रेटवरचा डी पुरेसा ढकलला नाही तर तो ईच्या किंचित खाली राहतो आणि गोष्टीचा सर्वोच्च क्षणच लंगडा पडतो. यावर जुना उपाय आहे. आधी बाराव्या फ्रेटवर ई साधा वाजवून कानात बसवायचा आणि मग दहाव्यावरून ताणून त्याच्याशी मिळवायचा. ढकलताना एकट्या अनामिकेवर भार न टाकता मागच्या दोन बोटांचा आधार द्यायचा. सी आणि सी शार्प यांच्यामध्ये मात्र अचूक जागा नाही. तिथे तार केसभर ओढून दोन्हींच्या मधला स्वर काढतात. आफ्रिकन-अमेरिकन गायकांच्या गळ्यातून आलेला हा स्वर पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाही.

स्वर थोडे आणि श्वास मोठा, हे प्रत्यक्षात ऐकायचं असेल तर बी. बी. किंग यांची ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’ ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. शिकागोच्या रीगल थिएटरात २१ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेली ही मैफल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. किंग गाताना गिटार वाजवत नसत. ओळ गाऊन झाली की गिटार बोलायची, ती संपली की पुन्हा गळा. त्यामुळे त्यांच्या गिटारच्या वाक्यांना गायकाच्या श्वासाचीच लांबी आहे. भारतात ही परंपरा जवळून ऐकण्याची सोयही झाली. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी बडी गाय तिथे वाजवून गेले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सी आणि सी शार्पचा खेळ मेजर वळणाच्या ब्लूजमध्येच शोभतो. बी. बी. किंग यांनी १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘द थ्रिल इज गॉन’ मायनरमध्ये आहे. तिथे मूळ कॉर्डमध्येच कोमल गंधार असतो, त्यामुळे शुद्ध गंधार आणला तर तो उपरा वाटेल. वेगवान रॉकच्या चालीत रिकामे बार सोडणंही नेहमी जमत नाही. आणि नुसत्या सहा स्वरांच्या स्केलवर वाजवलेले उत्तम सोलो पुष्कळ आहेत. त्यांत कॉर्डांचा माग स्वरांच्या निवडीपेक्षा कुठे थांबायचं यातून ठेवलेला असतो.

वरच्या आवर्तनात सगळे मिळून तीसच्या आसपास स्वर आहेत आणि स्केलच्या बाहेरचे फक्त चार: सी शार्प, एफ शार्प, बी आणि जी शार्प. आपलं आवर्तन लिहून झालं की ते साथीवर वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं आणि नंतर साथीशिवाय, एकट्या गिटारवर पुन्हा मुद्रित करावं. ही दुसरी फीत गिटार न वाजवणाऱ्या, पण गाणं ऐकणाऱ्या एखाद्या मित्राला ऐकवावी आणि चाल कुठे वळते ते विचारावं. त्याने पाचव्या, सातव्या आणि नवव्या बारला बोट वर केलं, तर सोलो कॉर्डांबरोबर चालतो आहे. त्याला एकही वळण सापडलं नाही तर सगळं पुसायची गरज नाही. आधी फक्त लांब स्वर तपासावेत आणि जो त्या वेळच्या कॉर्डमध्ये नाही तो एक फ्रेट पुढे-मागे करून पाहावा.